फीत कापल्यानंतरची फाइल

मुंबईतील कुलाबा ते आरे ही पूर्णतः भुयारी म्हणावी अशी मेट्रो मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये अखेर संपूर्ण लांबीने धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग २०१३ साली मंजूर झाला, तेव्हा त्याचा खर्च २३ हजार १३६ कोटी रुपये अपेक्षित होता. तो पूर्ण होईपर्यंत हा आकडा ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. उद्घाटनाच्या दिवशी या दोन आकड्यांमधील सुमारे १४ हजार कोटींच्या अंतराची चर्चा झाली, टीका झाली, समर्थनही झाले आणि दोन-चार दिवसांत ती विरूनही गेली. हे अंतर नेमके कशाचे होते, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही भाषणाची वा अग्रलेखाची नाही. ती एका कागदाची आहे. प्रशासकीय परिभाषेत त्याला 'प्रकल्प पूर्णत्व अहवाल' म्हणतात. तो वाचायला सहसा कुणी मागत नाही आणि म्हणूनच तो कसाही लिहिला तरी चालतो, असा समज दृढ झाला आहे.

या वेळी तो समज महागात पडू शकतो. कारण मेट्रो-३ उभारणाऱ्या याच महामंडळाकडे आता आणिक आगार ते गेटवे ऑफ इंडिया ही मेट्रो-११ सोपवण्यात आली आहे. साडेसतरा किलोमीटरची ही मार्गिकाही बहुतांश भुयारी आहे, तीही जुन्या मुंबईच्या पोटातून जाणार आहे आणि तिच्या अंदाजपत्रकाचा आकडा आहे २३ हजार ४८७ कोटी रुपये. म्हणजे सुमारे निम्म्या लांबीला जवळपास तेवढीच रक्कम. अर्थात दोन वेगवेगळ्या काळातल्या किमतींची अशी सरळ तुलना फसवी असते. पण खरा प्रश्न त्यातूनच उद्भवतो. मेट्रो-३ च्या वाढीव खर्चापैकी किती भाग जमिनीखालचा खडक, पाणी आणि जुन्या इमारती यांच्यामुळे आला आणि किती भाग कारशेडच्या जागेवरून २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या राजकीय व न्यायालयीन ओढाताणीमुळे? पहिला भाग नव्या मार्गिकेच्या अंदाजात धरलाच पाहिजे. दुसरा धरण्याचे कारण नाही. ही फोड ज्याने काम केले त्यालाच ठाऊक असते आणि त्याची बदली होण्यापूर्वी ती लिहिली गेली नाही तर पुढे कुणालाच ती करता येत नाही.

पूर्णत्व अहवालाचे अंग तसे तीनच. अंतिम खर्च, शिल्लक राहिलेल्या बाबी आणि पुढच्यांसाठी धडे. यांतील खर्चाचे अंग सर्वांत सोपे वाटते, प्रत्यक्षात घोटाळा तिथूनच सुरू होतो. रेल्वेच्या अभियांत्रिकी संहितेत मंजूर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी मांडून वाढीची कारणे देण्याची पद्धत कित्येक दशकांपासून घालून दिलेली आहे. सार्वजनिक बांधकाम खात्यांतही तत्त्व तेच. पण 'प्रत्यक्ष खर्च' म्हणजे काय, हे ठरवणे वाटते तितके सरळ नाही.

एका काल्पनिक उड्डाणपुलाचे उदाहरण घेऊ. प्रशासकीय मान्यता १०० कोटींची आहे. पूल खुला झाला त्या दिवशी ठेकेदाराला दिलेली रक्कम १०४ कोटी. वर्तमानपत्रांत हाच आकडा येतो आणि चार टक्के वाढ म्हणजे काहीच नाही, असे म्हणत सगळे निश्चिंत होतात. परंतु प्रत्येक चालू देयकातून सुरक्षा ठेव म्हणून कापलेले ५ कोटी या आकड्यात नाहीत. दोषदायित्व कालावधी संपला की ते परत द्यायचेच आहेत. म्हणजे झालेल्या कामाची किंमत १०९ कोटी. मोजमाप पुस्तकात नोंद झालेल्या, पण अद्याप देयक न निघालेल्या कामाचे आणखी ५ कोटी. करारातील सूत्रानुसार सिमेंट-पोलादाच्या भाववाढीचे ४ कोटी. एवढ्यात आकडा ११८ वर गेला. शिवाय जागा उशिरा ताब्यात दिल्याबद्दल ठेकेदाराने २० कोटींचा दावा केलेला असतो. त्यातले ३ कोटी खात्याने मान्य केले, उरलेले १७ कोटी लवादापुढे आहेत. भूसंपादनाचा मोबदला वाढवून मागणारे २ कोटींचे एक प्रकरण न्यायालयात आहे.

तेव्हा या पुलाचा अंतिम खर्च किती? प्रामाणिक उत्तर एका आकड्यात देताच येत नाही. १२१ कोटी निश्चित, १९ कोटी वादग्रस्त आणि त्यावरील संभाव्य व्याज वेगळे, असेच ते लिहावे लागते. आकडा कोणत्या तारखेचा आहे तेही सोबत लागते. व्यवहारात मात्र दोनपैकी एक चूक होते. एक तर १०४ किंवा १०९ हा आकडा 'अंतिम' म्हणून गोठवला जातो. लवादाचा निवाडा चार वर्षांनी येतो, ती रक्कम दुसऱ्याच लेखाशीर्षातून दिली जाते आणि पुलाच्या नावावर ती कधीच चढत नाही. किंवा मग सगळे दावे निकाली निघेपर्यंत अहवालच लिहिला जात नाही; तोवर काम पाहिलेला एकही अभियंता त्या कार्यालयात उरलेला नसतो. दोहोंवरचा उपाय एकच आहे. अहवाल वेळेत लिहावा, वादग्रस्त रकमा स्वतंत्र रकान्यात दाखवाव्यात आणि निवाडा आला की एका पानाची पुरवणी जोडावी.

एवढ्यानेही काम संपत नाही. वरच्या उदाहरणात निश्चित वाढ २१ कोटींची आहे. 'किमतीतील वाढ व इतर कारणे' या एका ओळीत ती गुंडाळली तर पुढच्या पुलाचा अंदाज करणाऱ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. समजा, तपशील असा निघाला : पायाची खोली वाढल्याने ६ कोटी, भाववाढीचे ८, निविदेत नसलेल्या जादा बाबींचे ४ आणि विलंबापोटी मान्य केलेले ३. आता चित्र बदलते. भाववाढ कुणाच्याच हातात नव्हती. पायाची खोली मात्र आधी पुरेसे विंधन घेतले असते तर बरीचशी कळली असती. जादा बाबी आराखड्याच्या त्रुटीतून आल्या आणि विलंब खात्याच्या स्वतःच्या कारभारातून. चार कारणांना चार वेगळे धनी आहेत. ही फोड टाळली जाते ती आळसापोटी नव्हे, तर नेमक्या याच कारणासाठी.

अहवालाचे दुसरे अंग शिल्लक बाबींचे. येथे मुंबईनेच एक ठळक उदाहरण पुरवले आहे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेने जून २००२ मध्ये ५४ कोटी २० लाख डॉलरचे साह्य मंजूर केले. उपनगरी रेल्वेची वाढ, दोन मोठे जोडरस्ते आणि या कामांमुळे विस्थापित होणाऱ्यांचे पुनर्वसन असा त्याचा पसारा होता. बँकेचे कर्ज जून २०११ मध्ये बंद झाले. बँकेच्या नियमानुसार कर्ज बंद झाल्यावर साधारण सहा महिन्यांत पूर्णत्व अहवाल तयार व्हावा लागतो. त्याला जोडपत्रे असतात. घटकवार अंदाजित व प्रत्यक्ष खर्च, आर्थिक फलनिष्पत्ती, बँकेच्या माणसांनी देखरेखीवर घालवलेले आठवडे आणि कर्जदाराचे स्वतःचे म्हणणे या सगळ्यांना त्यात ठरलेली जागा असते. नंतर बँकेचाच एक स्वतंत्र मूल्यमापन विभाग तो तपासतो आणि वाटल्यास लेखकांनी स्वतःला दिलेली श्रेणी खाली आणतो. आपल्याकडील पद्धतीत ही शेवटची पायरी सहसा नसते, हे नमूद केलेच पाहिजे.

तथापि, एवढी शिस्त असूनही कर्ज बंद झाले त्या दिवशी सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता अपुराच होता. तो वाहतुकीला खुला झाला एप्रिल २०१४ मध्ये. म्हणजे हिशेब आधी मिटला आणि रस्ता नंतर झाला. यात गैर काही नाही. कर्जाची मुदत आणि कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु अशा वेळी शिल्लक बाबींची यादी हाच प्रकल्पाचा जिवंत भाग उरतो. तिच्यात 'उर्वरित काम प्रगतिपथावर आहे' एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. काम कोणते, ते कोणत्या पदावरील अधिकाऱ्याकडे सोपवले, पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येणार, ते कशावर अडले आहे आणि न झाल्यास काय बिघडेल, या पाच गोष्टी प्रत्येक बाबीपुढे हव्यात. त्यातही अधिकाऱ्याने ती बाब स्वीकारल्याची सही महत्त्वाची. सही नसलेली बाब दोन वर्षांनी कुणाचीच नसते. पुलाखालचा राडारोडा, अर्धवट राहिलेला पावसाळी नाला, न लागलेले दिवे, महापालिकेकडे वर्ग न झालेला सेवारस्ता ही सगळी अशा बेवारस यादीचीच अपत्ये आहेत.

याच्या उलट टोकाची प्रवृत्तीही आपल्याकडे आहे : शिल्लक बाबी आहेत म्हणून प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीरच करायचे नाही. विदर्भातील गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये ३७२ कोटींची मान्यता मिळाली. सुधारित मान्यतांची मालिका पुढे १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेली. जो प्रकल्प बंदच होत नाही त्याचा अंतिम खर्च कुणी विचारू शकत नाही आणि चार दशकांच्या अनुभवाचा एकत्रित ताळेबंदही मांडला जात नाही. भागशः पूर्ण झालेल्या कामाचा भागशः अहवाल लिहिण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नसताना हे घडते.

राहता राहिले तिसरे अंग, धड्यांचे. अहवालातील हा सर्वांत निरुपयोगी भाग असतो, कारण तो सुविचारांच्या भाषेत लिहिला जातो. 'सेवावाहिन्यांबाबत संबंधित विभागांशी वेळीच समन्वय साधणे आवश्यक आहे,' हे वाक्य कोणत्याही अहवालात चपखल बसते आणि म्हणूनच ते कुणालाही काही शिकवत नाही. समन्वय साधू नये, असे कोणत्या अभियंत्याला वाटते? मघाच्या काल्पनिक पुलाचा हाच धडा उपयुक्त रीतीने लिहायचा तर तो असा होईल : चौदाव्या खांबाच्या पायाखाली सहाशे मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी निघाली. नकाशात ती तीन मीटर बाजूला दाखवलेली होती. ती हलवण्यास सात महिने लागले, कारण पाणीपुरवठा बंद ठेवण्याची परवानगी पावसाळ्यानंतरच मिळाली. तोवर यंत्रसामग्री पडून राहिली आणि त्यापोटी ३ कोटी मान्य करावे लागले. पुढील निविदेपूर्वी प्रत्येक खांबाच्या जागी चाचणी खड्डा घ्यावा आणि वाहिनी हलवण्याचा कालावधी पावसाळा धरून मोजावा. यात घटना आहे, कारण आहे, किंमत आहे आणि नेमके काय बदलायचे ते आहे. शिवाय धडा खर्चाच्या तक्त्यातील ३ कोटींशी बांधलेला आहे, त्यामुळे तो पडताळता येतो. ज्या धड्याचा धागा खर्चाच्या वा वेळेच्या एखाद्या नोंदीशी जुळत नाही, तो अनुभवातून आलेला नसून फावल्या वेळात सुचलेला आहे, असे खुशाल समजावे.

अर्थात सगळेच धडे रुपयांत मोजता येत नाहीत. पुन्हा परिवहन प्रकल्पाकडे वळले पाहिजे, कारण तेथील सर्वांत कठीण धडा रुळांचा वा पुलांचा नव्हता. प्रकल्पामुळे हलवाव्या लागणाऱ्या माणसांची संख्या लाखाच्या घरात होती. पुनर्वसनाचे धोरण मुख्यतः रेल्वेलगतच्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबांचा विचार करून आखलेले होते. त्यांना २२५ चौरस फुटांचे घर मिळणार होते. जोडरस्त्याच्या वाटेत आले ते मात्र कुर्ल्याचे दुकानदार. कुणाचे दुकान याहून कितीतरी मोठे, कुणाकडे कामाला माणसे, आणि प्रत्येकाचा धंदा त्या विशिष्ट रस्त्यावरील गिऱ्हाइकाशी बांधलेला. त्यांतील काहींनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे धाव घेतली. मंडळाच्या चौकशीत त्यांच्या तक्रारींतील बऱ्याच गोष्टी ग्राह्य ठरल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या घटकांचा निधी थांबवला. सुधारणांनंतर जूनमध्ये तो पुन्हा सुरू झाला.

'पुनर्वसन संवेदनशीलतेने हाताळावे' हा या प्रकरणाचा धडा नव्हे. घराचे मोजमाप दुकानाला लावता येत नाही. धंद्याचे उत्पन्न, जागा आणि गिऱ्हाईक यांची नोंद जागा हलवण्यापूर्वीच व्हावी लागते. आणि रस्त्याची निविदा त्या नोंदीच्या आधी निघता कामा नये, हा तो धडा आहे. मेट्रो-११ जुन्या शहरातील बाजारपेठांच्या परिसरातून जाणार असल्याने तिच्या अधिकाऱ्यांना तो अगदी शब्दशः लागू पडावा.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. परिवहन प्रकल्पाच्या पुढील टप्प्यासाठी जागतिक बँकेने जून २०१० मध्ये नवे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्याचे कर्ज बंद झाले त्यानंतर वर्षाने आणि अहवाल आला त्याच्याही नंतर. म्हणजे पहिल्याचे अधिकृत धडे लिहून होईपर्यंत दुसऱ्याचा आराखडा ठरून गेलेला होता. अनुभव पुढे गेलाच नाही असे नव्हे. माणसे तीच होती आणि त्यांनी तो डोक्यात नेला. पण डोक्यातला अनुभव माणसाबरोबर निवृत्त होतो. यावर लंडनच्या क्रॉसरेल प्रकल्पाने एक वाट काढली. काम चालू असतानाच, २०१६ मध्ये, त्यांनी अभियंत्यांचे अनुभव-लेख जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. भुयार खणणे, खोदलेल्या मातीची विल्हेवाट, पुरातत्त्वीय अवशेष अशा विषयांवरचे हे लेख आजही कुणालाही वाचता येतात. गंमत अशी, की तोवर प्रकल्पाची सर्वत्र वाखाणणी होत होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तो मुदतीत पुरा होणार नसल्याचे अचानक जाहीर झाले आणि मार्ग खुला झाला थेट मे २०२२ मध्ये. सिग्नल यंत्रणा व स्थानकांची अंतर्गत कामे एकमेकांशी जुळवण्यात काय चुकले, हे धडे मग मागाहून जोडावे लागले. काम चालू असताना लिहिलेले धडे ताजे असतात, पण शेवटची परीक्षा त्यांनी दिलेली नसते. म्हणून दोन्ही वेळा लिहावे लागते.

आणि काही परिणाम तर अहवालाच्या आवाक्यातच येत नाहीत. प्रकल्पग्रस्तांसाठी मानखुर्द-गोवंडी भागात उभारलेल्या लल्लूभाई कंपाउंड व नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तेथील क्षयरोगाचे प्रमाण आणि हवा-उजेडाचा अभाव यांतील संबंध समोर आणला. घरे वाटून झाली, कुटुंबांची संख्या भरली, त्या निकषावर असे पुनर्वसन पूर्णच ठरते. दहा वर्षांनी दिसणारा आजार सहा महिन्यांत लिहायच्या अहवालात कसा येणार? त्यासाठी काही वर्षांनंतर पुन्हा पाहणी करण्याची तरतूद, तिची तारीख आणि तिचा खर्च शिल्लक बाबींच्या यादीत आधीच घालून ठेवावा लागतो.

मेट्रो-३ ला जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेचे कर्ज आहे. कर्जदाराकडून पूर्णत्व अहवाल घेणे आणि काही वर्षांनी पश्चात मूल्यमापन करून ते प्रसिद्ध करणे, ही त्या संस्थेची रीत आहे. म्हणजे टोकियोत हा प्रकल्प केव्हा ना केव्हा वाचला जाईल. मुंबईत तो वाचता यावा यासाठी वेगळ्या कायद्याची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपणहून माहिती प्रसिद्ध करणे २००५ पासूनच अपेक्षित आहे. मेट्रो-११ च्या मुख्य निविदांची कागदपत्रे तयार होण्याआधी मेट्रो-३ चा खर्च कारणवार फोडून त्या टेबलावर ठेवला जातो की नाही, एवढेच आता पाहायचे. दोन्ही फायली एकाच कार्यालयात आहेत.